दुसरा आणि चौथा शनिवार

नववीच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जूनच्या अखेरीस सूचना आली. जुलैपासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर साडेअकरा ते दीड जादा तास, पहिला गणिताचा आणि दुसरा विज्ञानाचा, उपस्थिती अनिवार्य. खाली पटापट पस्तीसेक अंगठे उमटले. माझा अंगठा मात्र अडला, कारण महिन्यातल्या दोन शनिवारी त्याच वेळी आमच्या चिरंजिवांचा तबल्याचा वर्ग असतो.

तबला काय, संध्याकाळीही शिकता येतो, असं कुणालाही वाटेल. शाळेलाही तसंच वाटणार हे उघड होतं. म्हणून अर्ज लिहायच्या आधी मी स्वतःलाच तो प्रश्न विचारला. रोजचा रियाज घरी होतो, पहाटे नाहीतर रात्री, शेजाऱ्यांच्या कृपेने. आठवड्यातला एक वर्ग गुरुजींचे एक ज्येष्ठ विद्यार्थी घेतात, तोही संध्याकाळी. हलत नाहीत ते फक्त दुसरा आणि चौथा शनिवार. गुरुजी पुण्याला राहतात, बँकेत नोकरी करतात आणि बँकांना महिन्यातले हेच दोन शनिवार सुट्टीचे. पहाटे निघून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत ते अकराच्या सुमारास पंचवटीत पोचतात. बारा ते दोन मोठ्या मुलांची बॅच, अडीचनंतर लहानांची, आणि रात्री परत पुणे.

बॅचची अदलाबदल करून बघू, असंही मी गुरुजींना विचारून पाहिलं. शाळेत हा प्रश्न येणारच होता आणि त्याचं उत्तर आधी हातात हवं होतं. अदलाबदल होत नाही याचं कारण लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट. मोठ्या मुलांना पेटीवर लेहरा धरायला जे काका येतात, त्यांच्या स्वतःच्या शिकवण्या तीन वाजता नाशिकरोडला सुरू होतात. लहान मुलांना अजून लेहऱ्याची गरज नाही, मोठ्यांचं त्याच्यावाचून भागत नाही.

आता लेहऱ्यावाचून का भागत नाही, हे तबल्याशी संबंध नसलेल्यांना सांगायला हवं, कारण अर्जाचा सगळा भार त्या एका गोष्टीवर होता. मुलगा घरी कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, वाजवतो, धाधा तिट धाधा तूना, आणि त्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार. एकट्याने वाजवताना बोल कठीण आला की नकळत लय किंचित ढिली होते आणि सोपा आला की पुढे पळते. वाजवणाऱ्याला ते कळत नाही, कारण मोजणारा तोच आणि वाजवणाराही तोच. लेहरा सुरू असला की त्रितालाच्या सोळा मात्रा दुसरं कुणीतरी धरून बसलेलं असतं. तिहाई म्हणजे तीनदा वाजवलेला बोल, त्याचा शेवटचा धा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडला नाही तर खोलीतल्या सगळ्यांना कळतं. हल्ली लेहरा वाजवणारी अॅप असतात, आमच्याकडेही आहे, रियाजाला ते उत्तम. पण डाव्या हाताचं मनगट बायाँवर जास्त दाबलं जातंय, म्हणून घुमारा मरतोय, हे अॅप सांगत नाही. ते गुरुजी समोर बसून सांगतात आणि पुढच्या वेळी सुधारलं का ते बघतात.

ही पुढची वेळ पंधरा दिवसांनी येते. एक शनिवार चुकला की ती चार आठवड्यांवर जाते, पाच शनिवार असलेल्या महिन्याची गाठ पडली तर पाच आठवड्यांवर. तेवढा काळ रोज तासभर चुकीच्या दाबाने वाजवलं की तो दाब हाताचा होऊन जातो, आणि मग तो काढायला गुरुजींना पुढचे दोन वर्ग लागतात. शाळेतल्या जादा तासाचं तसं नसतं, एक तास बुडला तर पुढच्या शनिवारी दुसरा असतो. हा फरक अर्जात एका वाक्यात आला पाहिजे, एवढं मी ठरवलं.

ग्रुपबाहेर खासगीत सल्ले सुरू झाले होते. एका आईने सांगितलं, अर्ज-बिर्ज कशाला, ताप होता म्हणून चिठ्ठी द्यायची. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नेमाने येणारा ताप कोणत्या वर्गशिक्षिकेला पटेल, हा एक प्रश्न झाला. दुसरा प्रश्न त्याहून व्यवहारी होता. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांसाठी जे वाढीव गुण मिळतात, त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो. ज्या शाळेला पुढच्या वर्षी ही प्रमाणपत्रं दाखवायची, तिच्यापासून तबला या वर्षी लपवायचा, यात काही हशील नव्हतं.

आमच्या इमारतीतले एक निवृत्त वकील शिक्षणहक्क कायदा काढून बसले. त्या कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलं आहे, त्यापलीकडचे तास सक्तीचे कसे, असा त्यांचा मुद्दा. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे. आमचा पोरगा नववीत. शिवाय १००० तास हा किमान आकडा आहे, जास्त शिकवू नका असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. आणि मुद्दा लागू असता तरी मी तो मांडला नसता. सोळा तासांच्या सवलतीसाठी मुख्याध्यापिकांसमोर कायदा ठेवला की पुढची दोन वर्षं सगळं कायद्यानेच चालतं.

शाळांना खेळ कळतो, कला तितकी कळत नाही, असं मी आधी रागाने म्हणत असे. आता त्यामागची व्यवस्था दिसते. आमच्या मजल्यावरची एक मुलगी पंधराशे मीटर धावते. तिचं नाव सतरा वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत शाळाच नोंदवते. जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी असते आणि प्रत्येक पायरीवर शाळेचं नाव लागतं. तिच्या सवलतीचा कागद क्रीडाशिक्षक स्वतः तयार करतात, पालकांनी फक्त सही करायची. शिवाय नाशिकमध्ये धावण्याचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक आणलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात ते नाव निघतं.

तबल्याच्या बाजूने शाळेत बोलणारं कुणी नव्हतं. संगीताचे शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येतात, तेही स्वागतगीत बसवण्यापुरते. खरं तर विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात याच पंचवटीत आश्रम करून राहिले, आणि आमच्या मुलाच्या परीक्षेच्या अर्जावर ज्या गांधर्व महाविद्यालयाचं नाव आहे ते त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला सुरू केलं. हे मुख्याध्यापिका बाईंना सांगायचा मोह मला झाला होता. सांगितलं नाही. त्यांना पलुसकर माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, आणि त्याने शनिवारचा प्रश्न सुटत नव्हता.

मी क्रीडाशिक्षकांनाच गाठलं. धावणाऱ्या मुलीचा कागद कसा असतो ते त्यांनी दाखवलं. त्यात मुलगी किती गुणी आहे, देशाचं नाव कसं काढेल, यातलं अवाक्षर नव्हतं. तारखा, वेळ, प्रशिक्षकाचं पत्र, आणि सवलत कधी संपते ती तारीख. सर म्हणाले, "ताई, वर्षभराची सूट मागितली की बाई नाहीच म्हणतात. शेवटची तारीख दिसली की वाचतात तरी."

पण अर्जाआधी अजून एकांना भेटणं बाकी होतं. जादा तासाला मूल आलं नाही तर मुख्याध्यापिकांचं काही अडत नाही, अडतं ते विषयशिक्षकांचं. गणिताच्या सरांना मी एकच विचारलं, शनिवारी सराव घेणार की नवीन भाग शिकवणार? सराव असेल तर ती उदाहरणं घरी सोडवून सोमवारी वही दाखवता येते. नवीन भाग असेल तर मामला वेगळा. सरांनी आपलं नियोजन काढलं. बहुतेक शनिवार सरावाचेच होते. एका ठिकाणी मात्र त्यांनी बोट ठेवलं, भाग दोनमधलं चौथं प्रकरण, त्रिकोण रचना. "हे वही उतरवून येत नाही," ते म्हणाले. "पूर्ण झालेल्या आकृतीत कंपास आधी कुठे टेकवला ते दिसत नाही. मी फळ्यावर काढतो तेव्हा बघावं लागतं." मला हे लगेच पटलं, मनगटाची गोष्ट मी नुकतीच ऐकून आले होते. सरांनी त्रिकोण रचना ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ठेवली. एका मुलासाठी नियोजन हलवलं असं नाही, त्यांना तो शनिवार तसाही मोकळा होता. पण विचारलं नसतं तर ते प्रकरण बहुधा चौथ्या शनिवारी पडलं असतं.

विज्ञानाच्या बाईंनी वेगळीच गोष्ट सांगितली. जादा तासाला दिलेला स्वाध्याय त्या गृहपाठात धरतात आणि गृहपाठ अंतर्गत मूल्यमापनात जातो. म्हणजे तासाला न येण्याचे गुण कापले जात नाहीत, पण स्वाध्याय न आल्याचे जाऊ शकतात. तेही अर्जात घालायचं ठरलं.

मग हिशेब मांडला. गांधर्वची मध्यमा पूर्णची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात, म्हणून सवलत जुलै ते नोव्हेंबर एवढीच. पाच महिन्यांचे दहा शनिवार. त्यातला एक दिवाळीच्या सुट्टीत, एक प्रथम सत्र परीक्षेच्या आठवड्यात, तेव्हा जादा तास नाहीतच. उरले आठ, म्हणजे सोळा तास. "दर शनिवारी सूट" म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला वर्षभराचा आकडा दिसला असता. अर्ज शेवटी असा झाला:

"माझा मुलगा इयत्ता नववी ब मध्ये शिकत असून तो नोव्हेंबर-डिसेंबर सत्रात तबल्याची मध्यमा पूर्ण परीक्षा देत आहे. त्याचे गुरुजी पुण्याहून फक्त दुसऱ्या व चौथ्या शनिवारी येतात व वर्ग दुपारी १२ ते २ असतो. एक वर्ग चुकल्यास पुढील मार्गदर्शन किमान चार आठवड्यांनी मिळते. तरी सोबत जोडलेल्या आठ तारखांना जादा तासांतून सूट मिळावी. उरलेल्या सर्व शनिवारी तो उपस्थित राहील. सूट असलेल्या दिवसाचा स्वाध्याय पुढील सोमवारी विषयशिक्षकांना दाखवेल. त्या दिवशी ११.१५ वाजता त्याचे आजोबा त्याला शाळेतून घेऊन जातील. घटक चाचणीनंतर शाळेने या सवलतीचा फेरविचार करावा, त्यास आमची हरकत नाही."

सोबत गुरुजींचं पत्र, परीक्षेचा फॉर्म भरल्याची पावती, तारखांचा कागद. एवढंच.

मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज दोनदा वाचला. बँकेच्या सुट्टीचं ऐकून त्या हसल्या, त्यांचे यजमानही बँकेतलेच निघाले. मग त्यांनी खरा प्रश्न काढला. "याला सोडलं की उद्या क्लासवाले येतील. आमचाही शनिवारी टेस्ट असतो म्हणतील. त्यांना मी काय सांगू?" माझ्या मते शाळेच्या नकारामागे बहुतेक वेळा हीच भीती असते. तुमच्या मुलाबद्दल तिचं काही म्हणणं नसतं. मी म्हटलं, बाई, जो शिक्षकाचं पत्र, परीक्षेची पावती, ठरावीक तारखा आणि संपण्याची तारीख आणेल त्याला सोडा, बाकीच्यांना नाही म्हणा. त्यांनी ते अर्जाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. पुढे भरतनाट्यम शिकणाऱ्या एका मुलीला याच चार गोष्टी विचारल्या गेल्याचं कानावर आलं. कोचिंग क्लासवाले परीक्षेची पावती आणू शकले नाहीत.

आजोबांचं वाक्य मी जाताजाता घातलं होतं, बाईंच्या लेखी ते सर्वांत महत्त्वाचं निघालं. सकाळची शाळा सव्वाअकराला सुटते आणि जादा तास साडेअकराला सुरू होतो. त्या पंधरा मिनिटांत फाटकाबाहेर गेलेलं मूल कुणाच्या जबाबदारीवर? मूल शाळेत आहे असं पालक समजतात, घरी गेलं असं शाळा समजते, आणि ते गंगापूर रोडवर कुठेतरी भेळ खात असतं. बाईंनी अट घातली की आजोबांनी फाटकावरच्या वहीत सही करायची. माझे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, सही आणि वेळ यांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

होकार तोंडी मिळाला. मी अर्जाची दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. लेखनिकाने शिक्का मारून आवक क्रमांक घातला, बाईंनी "मान्य" लिहून सही केली. हे अविश्वासाने केलं नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी त्याची गरज पडलीच. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, बदली शिक्षकांना काही माहीत नव्हतं, आणि दुपारी पाऊण वाजता "आपला पाल्य जादा तासास गैरहजर" असा मेसेज आला. मी पोचेचा फोटो पाठवला, प्रकरण तिथेच मिटलं. सोमवारी वर्गशिक्षिकेने त्या आठ तारखा हजेरीपटाच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. खरं म्हणजे पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं असतं, कारण मुख्याध्यापिकांची सही फाईलमध्ये राहते आणि हजेरी घेणारा माणूस वर्गात असतो.

ऑगस्टअखेरीस घटक चाचणी झाली. गणितात वीसपैकी तेरा, मागच्या वेळी सोळा होते. बाईंनी बोलावलं, आणि ते त्यांचं कामच होतं. मी पेपर घेऊन गणिताच्या सरांकडे बसले. सवलत नडली का, हे एकूण गुणांवरून कळत नाही, कुठल्या प्रश्नाला गुण गेले ते बघावं लागतं. बुडालेल्या शनिवारी सरावाला घेतलेली प्रकरणं होती समांतर रेषा आणि वास्तव संख्या. त्यांत एक गुण गेला होता. उरलेले गेले होते बहुपदीत, जी आठवड्याच्या नियमित तासांना शिकवली गेली होती आणि जिच्यात भागाकार करताना चिरंजीव चिन्हं बदलायला विसरत होते. सर म्हणाले, हे तासाला बसूनही झालं असतं, याला घरी रोज चार उदाहरणं द्या. विषय तिथे संपला असता, पण एका गोष्टीत मी सरांशी सहमत नव्हते. शनिवारी संध्याकाळी हा पोरगा दोन तासांच्या वर्गानंतर इतका दमलेला असतो की स्वाध्याय रविवारी रात्री घाईत उरकला जातो. तेव्हा स्वाध्याय रविवारी सकाळी, रियाजाआधी, असं घरात ठरलं. त्यावर जी कुरकुर झाली ती इथे लिहीत नाही.

ऑक्टोबरमध्ये एकदा गुरुजींना बँकेच्या कामामुळे यायला जमलं नाही. आदल्या रात्री फोन आला. मुलाने शनिवारी सुट्टी गृहीत धरली होती. मी त्याला जादा तासाला पाठवलं, आणि आजोबांनी फाटकावरच्या वहीत "आज आवश्यकता नाही" असं लिहून सही केली. वर्गात त्याला बघून विज्ञानाच्या बाईंनी विचारलं म्हणे, "तू आज कसा?" माझ्या अंदाजाने त्या एका शनिवारने अर्जातल्या सगळ्या आश्वासनांपेक्षा जास्त काम केलं.

परीक्षा झाली. लेखी बरी गेली, क्रियात्मकला झपतालात तिहाई एकदा समेवर आली नाही, निकाल प्रथम श्रेणीचा आला. डिसेंबरपासून सवलत संपली, तसा तो सगळ्या शनिवारी शाळेत बसू लागला आणि गुरुजींचा वर्ग चार महिने बुडाला. बायाँवरचा जुना दाब परत आला आहे, हे मलासुद्धा ऐकू येतं.

आता दहावी. जादा तास जूनपासून दर शनिवारी तीन तास आहेत, आणि दहावीला सूट द्यायची नाही असा शाळेचा साधारण रिवाज. नवा अर्ज मी मागच्या आठवड्यात दिला. त्यात या वेळी फक्त चौथा शनिवार मागितला आहे, तोही दिवाळीपर्यंत. दुसऱ्या शनिवारी गणिताचे सर सराव परीक्षा घेतात, ती बुडवू नये असं गुरुजींचंच म्हणणं पडलं. त्या दिवशी रात्री आठ वाजता, पुण्याला निघायच्या आधी, ते त्याला अर्धा तास एकट्याला बसवणार आहेत. पेटीवाले काका तोवर नाशिकरोडहून परत आलेले असतात. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचं आहे.